रागातला मसुदा आणि गूगलवरचं उत्तर: घरगुती निवास चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दापोली-गुहागर पट्ट्यातल्या काही घरगुती निवासांचं बुकिंग आणि गूगलवरचं पान सांभाळते. पाहुण्याच्या अभिप्रायात एकच तारा पडला की मालकांचा फोन येतो आणि मागोमाग व्हॉट्सॲपवर त्यांनी लिहिलेलं उत्तर येतं, "हे टाकून दे". ते मी तसंच कधीच टाकत नाही. मग फोनवर जे प्रश्न येतात ते दर हंगामात साधारण तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केलेत.

राग असताना लिहूच नये म्हणतात. मग मसुदा लिहायचा नाही का?

लिहा, आणि पोट भरून लिहा. रागात माणसाला तपशील आठवतात. कोण किती वाजता काय म्हणालं, लाईट कधी गेली, जेवणाला कोण उशिरा आलं, हे सगळं त्या रात्री लख्ख असतं आणि चार दिवसांनी धूसर होतं. तो मसुदा म्हणजे कच्चा माल आहे. तो फेकून देऊन "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद" असं लिहिलंत तर उत्तर थंड होईल, पण रिकामंही होईल.

फक्त तो गूगलच्या उत्तराच्या चौकटीत लिहू नका. वहीत लिहा, नाहीतर स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. चौकटीत लिहिलं की बोट निळ्या बटणाकडे जातंच. उत्तर टाकल्यावर ज्याने अभिप्राय लिहिला त्याला सूचना जाते. पाच मिनिटांनी तुम्ही उत्तर बदलू शकता, पण तोवर त्याने स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकलेला असतो.

एवढं जपून लिहायचं ते कुणासाठी? तो माणूस तर परत येणार नाही.

त्याच्यासाठी नाहीच. दिवाळीच्या सुट्टीसाठी रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून तीन निवासांची तुलना करणाऱ्या बाईसाठी लिहायचं. तिने पाच ताऱ्यांचे अभिप्राय वाचलेले नसतात. ती सगळ्यात कमी ताऱ्यांचे आधी काढून बघते, कारण तिला हवं असतं ते एवढंच: इथे काही बिघडलं तर हे लोक कसे वागतील? तक्रार करणाऱ्याचं म्हणणं ती अर्धंच धरते. तुमचं उत्तर मात्र ती पूर्ण धरते, कारण ते तुम्ही स्वतः लिहिलेलं असतं.

म्हणून त्या माणसाला हरवणं हा हिशोबच चुकीचा आहे. तुम्ही वाद जिंकलात आणि तिला वाटलं, "बापरे, यांच्याशी बोलायला नको", तर बुकिंग गेलंच.

एखादं उदाहरण घेऊन दाखवाल का?

दाखवते. मालकांच्या परवानगीने देते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून. जुलैतली गोष्ट. चौघांचं कुटुंब शनिवार-रविवार राहून गेलं आणि सोमवारी दुपारी हा अभिप्राय आला, एक तारा:

> अतिशय वाईट अनुभव. कोकणात येऊन ताजे मासे नाहीत, दोन दिवस वरणभात आणि सुकट. सकाळी आंघोळीला गरम पाणी नाही. एसी रात्रभर बंद. मालकांना सांगितलं तर आमच्यावरच ओरडले. पैसे वाया. कोणीही जाऊ नका.

संध्याकाळी मालकांचा मसुदा आला:

> साहेब, जुलैत मासेमारी बंद असते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बुकिंग करताना एकदा तरी विचारलंत का? गरम पाणी 9 वाजेपर्यंत असतंच, तुम्ही रात्री 2 पर्यंत बाटल्या उघडून 11 ला उठलात त्याला आम्ही काय करणार? लाईट पूर्ण गावात नव्हती. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही एवढी तरी अक्कल हवी. माझ्या बायकोने पहाटे 5 ला उठून आंबोळ्या केल्या. तुमच्या मुलांनी चादरी चिखलाने भरवल्या तरी आम्ही एक शब्द बोललो नाही. जाताना हजार रुपये कमी करा म्हणालात, केले नाहीत म्हणून हा राग. माझ्याकडे सीसीटीव्ही आहे. असली गिऱ्हाइकं आम्हाला नकोतच.

यातलं बहुतेक सगळं खरं आहे, हे आधी सांगते. मालक खोटारडे नाहीत, दमलेले आहेत. पण खरं असणं आणि टाकण्याजोगं असणं या वेगळ्या गोष्टी.

मी मसुद्याच्या प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न ठेवते: दिवाळीवाल्या बाईला हे कळलं तर तिच्या काही कामाचं आहे का? मासेमारी बंद असते, हे कामाचं. गरम पाणी किती वाजेपर्यंत, हे कामाचं. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, हे तर फारच कामाचं, कारण पावसाळ्यात लाईट जाणारच. ही तीन वाक्यं राहिली. चादरी आणि हजार रुपये हा त्या पाहुण्याशी फोनवर बोलायचा विषय आहे, तोही बोलावासा वाटला तर. आंबोळ्यांचं वाक्य वाचून मला वाईट वाटलं, पण जाहीर पानावर ते उपकार मोजल्यासारखं वाचलं जातं. बाटल्या, अक्कल, शेंबडं पोर आणि सीसीटीव्ही सरळ गेले.

आता खरी गंमत. अभिप्रायातल्या तक्रारी मोजा: मासे, पाणी, एसी, ओरडणं. चार. मसुद्यात उत्तरं किती आहेत? तीन. ओरडण्याबद्दल एवढ्या लांब मसुद्यात एक अक्षर नाही. ज्या तक्रारीवरून मसुदा उडी मारून जातो ती बहुतेक वेळा खरी असते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की हल्ली सगळ्यात आधी तेच शोधते. मालकांना फोन केला. "काका, ओरडलात का?" जरा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "आवाज चढला होता गं. जनरेटरवाल्याला फोन लावत होतो, त्यात हे आले."

माफी कुठे मागायची ते तिथे सापडलं. माशांबद्दल मागून उपयोग नव्हता, समुद्र काकांच्या ताब्यात नाही. आवाज त्यांच्या ताब्यात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे उत्तर गेलं:

> नमस्कार. तुम्ही अडचण सांगायला आलात तेव्हा माझा आवाज चढला, ते चुकलं. त्याबद्दल माफी मागतो. 1 जून ते 31 जुलै किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे सुरमई-पापलेट ताजं मिळत नाही. हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं, ते आमच्याकडून राहिलं. आता पावसाळ्यातल्या प्रत्येक बुकिंगला आधी सांगतो. शनिवारी रात्री गावातली वीज गेली होती. आमच्या इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात, एसी चालत नाही. गरम पाणी सकाळी 6 ते 9 मिळतं, त्यानंतर हवं असेल तर सांगितल्यावर बादली देतो. तशी पाटी आता खोलीत लावली आहे. आणखी काही सांगायचं असेल तर बुकिंगच्या नंबरवर मला थेट फोन करा. – मालक

मसुद्यातली तिन्ही माहितीची वाक्यं यात आहेत. काकांची बाजू पूर्ण मांडली गेली आहे. फक्त ती कुणाच्या अंगावर फेकलेली नाही.

माफी आधी का? शेवटी लिहिली तर चालणार नाही का?

मोबाईलवर लांब उत्तराच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं. पुष्कळ लोक उघडत नाहीत. पहिल्या ओळीत मासेमारीचा कायदा आला तर न उघडणाऱ्याच्या मनात तुम्ही वाद घालणारे ठरता.

दुसरं कारण आपल्या भाषेतलं आहे. आधी बाजू मांडून शेवटी "तरीही माफी असावी" म्हटलं की ती माफी टोमण्यासारखी ऐकू येते.

"गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत" हे चांगलं वाक्य नाही का? सगळे तेच लिहितात.

सगळे लिहितात म्हणूनच ते कुणी वाचत नाही. शिवाय त्यातलं "असल्यास" बघा. माणूस सांगतोय की आंघोळीला गार पाणी मिळालं, आणि आपण म्हणतोय, झाली असल्यास. म्हणजे त्याच्या म्हणण्यावर विश्वास नाही, हेच शिष्ट शब्दांत सांगितलं. "तुमच्या भावना दुखावल्या असतील तर" हे त्याचंच भावंड.

जे झालं ते नाव घेऊन लिहा: "आवाज चढला", "सांगायचं राहिलं", "चादर बदलायला उशीर झाला". छोटं आणि ठरावीक लिहिलं की ते खरं वाटतं. आणि जिथे तुमची चूक नाही तिथे माफी मागूच नका, नुसती माहिती द्या. वरच्या उत्तरात लाईट गेल्याबद्दल माफी नाही, ते मुद्दाम.

शिव्या काढल्या, तरी उत्तर रागीटच वाटतं. असं का होतं?

कारण मराठीत राग शब्दांपेक्षा चिकटलेल्या अक्षरांत जास्त असतो. मसुदा छापून घ्या आणि प्रत्येक "च" आणि "तरी" भोवती पेनाने गोल करा. "गरम पाणी 9 पर्यंत असतं" ही माहिती आहे. "गरम पाणी 9 पर्यंत असतंच" हे भांडण आहे. "आम्ही सांगितलं होतं" आणि "आम्ही सांगितलंच होतं" यांत एका अक्षराचा फरक, पण दुसऱ्यात बोट नाचतं. "एकदा तरी विचारायचं", "निदान फोन तरी करायचा" ही वाक्यं तर मोठ्याने वाचली की आपोआप हात कमरेवर जातात.

तीच गोष्ट प्रश्नचिन्हांची. जाहीर उत्तरात विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतो, उलटतपासणी असते. "बुकिंग करताना विचारलंत का?" याचं उत्तर कुणालाच नको असतं. प्रश्न दिसला की त्याचं साधं विधान करा, आणि विधान करताना कर्ता बदला: "तुम्ही विचारलं नाही" ऐवजी "आम्ही सांगायला हवं होतं". हे खोटं नम्रपण नाही. जुलैत मासे नसतात हे किनाऱ्यावरच्या माणसाला माहीत असतं, घाटावरच्याला कशाला असेल? ज्याला माहीत आहे त्यानेच सांगायचं.

आणि एक, "साहेब". आपल्याकडे रागाने म्हटलेलं "साहेब" आणि "आपण" हे "अरे-तुरे"पेक्षाही जास्त लागतं. "आपण फारच थोर आहात" कुणी कौतुकाने लिहितं का? साधं "तुम्ही" पुरे. "कृपया नोंद घ्यावी", "वस्तुस्थिती अशी की" हे सरकारी नोटीशीचे शब्दही काढा. ते वाचताना समोर टेबल आणि पलीकडे कारकून दिसतो.

शेवटी उत्तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. स्वतः वाचलंत तर तुम्ही ते मऊ आवाजात वाचता. दुसरं माणूस जसं लिहिलंय तसं वाचतं. काकांच्या घरी हे काम त्यांच्या सूनबाई करतात, आणि त्या अजिबात दयामाया दाखवत नाहीत.

पण त्याने सरळ खोटं लिहिलं असेल तर? तेही गिळायचं?

गिळायचं नाही. एका वाक्यात दुरुस्त करायचं, आणि "खोटं" हा शब्द न वापरता. "आमच्याकडे तरणतलाव नाही आणि जाहिरातीतही तो दाखवलेला नाही" इतकंच. वाचणारा दोन आणि दोन चार करतो. "तुम्ही खोटं बोलताय" म्हटलं की मुद्दा तलावावरून माणसावर जातो, आणि मग तोही चिडून तपशील वाढवतो.

दुरुस्ती तपासता येईल अशीच करा. ज्या गोष्टीला तुमचा शब्द सोडून दुसरा आधार नाही, उदाहरणार्थ "आमच्या मुलाने तुम्हाला उलट उत्तर दिलंच नाही", तिथे हट्ट धरून फायदा नाही. "त्या वेळी मी तिथे नव्हतो, मुलाशी बोललो आहे" असं लिहिता आलं तर ते जास्त पटतं. अर्थात खरंच बोलला असाल तर.

रात्री दोनपर्यंत दारू पीत होते, हे खरं आहे आणि साक्षीदारही आहेत. ते का लिहायचं नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि इथेच मालकांशी माझी सगळ्यात जास्त हुज्जत होते. लिहिलंत तर त्या माणसाची लाज जाईल, हे खरं. पण दिवाळीवाली बाई काय वाचेल? हे लोक पाहुणा खोलीत काय करतो ते बघतात, लक्षात ठेवतात आणि भांडण झालं की जगाला सांगतात. ती दारू पीत नसली तरी तिला ते नको असतं. सीसीटीव्हीचा उल्लेख तर तिला घाबरवायला पुरेसा आहे.

पाहुण्याचा फोन नंबर, आडनाव, गाव, गाडीचा नंबर, सोबत कोण होतं, किती पैसे थकवले, यातलं काहीही उत्तरात येऊ नये. दुसऱ्याची खाजगी माहिती टाकणं गूगलच्या नियमांतही बसत नाही, म्हणजे तक्रार तुमच्याच उत्तराविरुद्ध होऊ शकते. आमच्या एका ओळखीच्या दंतवैद्यांचं बंधन तर याहून कडक आहे. समोरचा माणूस आपला रुग्ण होता एवढंही ते उत्तरात मान्य करत नाहीत. "दवाखान्यात येऊन भेटा" इतकंच लिहितात, आणि तेच बरोबर आहे.

रात्रीच्या गोंगाटाचा त्रास खरंच असेल तर त्याची जागा नियमांत आहे: "रात्री 10 नंतर अंगणात शांतता". तो नियम बुकिंगच्या वेळी पाठवा.

किती वेळात उत्तर द्यावं?

एक रात्र जाऊ द्या, दोन दिवसांपेक्षा जास्त नको. रात्री दहानंतर टाकू नका, एवढा एक नियम मी मालकांकडून कबूल करून घेतला आहे.

उत्तर मराठीत की इंग्रजीत?

ज्या भाषेत अभिप्राय आहे त्या भाषेत. मराठी अभिप्रायाला इंग्रजीत उत्तर दिलं की अंतर पडतं, आणि इंग्रजीला मराठीत दिलं तर तो वाचतच नाही. आपल्याला इंग्रजी जमत नसेल तर चार साधी वाक्यं कुणाकडून तरी लिहून घ्या. मोठे शब्द शोधायला जाऊ नका, तिथेच घोळ होतो.

गूगलला सांगून असा अभिप्राय काढून टाकता येतो का?

नियम मोडणारा असेल तर येतो, आवडला नाही म्हणून नाही. शिवीगाळ, धमकी, जातीधर्मावरून द्वेष, खाजगी माहिती, जाहिरात, विषयाशी संबंध नसलेला मजकूर, किंवा शेजारच्या धंदेवाल्याने हितसंबंधातून टाकलेला अभिप्राय, असं काही असेल तर त्या अभिप्रायाच्या तीन ठिपक्यांवर जाऊन Report review निवडायचं आणि योग्य कारण द्यायचं. निर्णयाला काही दिवस लागतात. नकार आला तर एकदा फेरविचार मागता येतो, त्यामुळे तो मजकूर नीट विचार करून लिहा.

पाणी गरम होतं की गार, या भांडणात गूगल पडत नाही. तुम्ही कितीही पुरावे पाठवा. त्यामुळे काकांच्या अभिप्रायावर तक्रार करण्यात अर्थ नव्हता, आणि मी केलीही नाही.

जो माणूस कधी आलाच नाही त्याचा अभिप्राय असेल तर तक्रार करा आणि सोबत उत्तरही टाका, कारण निकाल लागेपर्यंत तो दिसतच राहतो: "या तारखांच्या नोंदींत आम्हाला हे बुकिंग सापडलं नाही. दुसऱ्या निवासाबद्दल लिहायचं असेल तर कृपया तपासा. आमच्याकडेच राहिला असाल तर बुकिंगच्या नंबरवर कळवा." शक्यता दोन्हीकडे उघडी ठेवा. एकदा आम्ही "हा माणूस आलाच नव्हता" असं ठामपणे लिहिणार होतो, आणि मग कळलं की बुकिंग मेहुण्याच्या नावावर होतं.

हजार रुपये परत देतो, तारा बदल, असं सांगितलं तर?

नको. अभिप्राय बदलण्याच्या किंवा काढण्याच्या बदल्यात पैसे, सवलत, फुकट जेवण काहीही देणं गूगलच्या धोरणाविरुद्ध आहे. व्यवहारातही वाईट, कारण तो चॅटचा स्क्रीनशॉट पुढच्या अभिप्रायात येतो.

पैसे परत द्यावेत असं खरंच वाटत असेल तर द्या, पण अट न घालता आणि उत्तरात त्याचा गाजावाजा न करता. अभिप्राय बदलायचा की नाही ते त्याच्यावर सोडा. लिहिणाऱ्याला स्वतःचा अभिप्राय कधीही बदलता येतो, हे बहुतेकांना माहीत असतं.

नातेवाइकांकडून पाच-पाच तारे टाकून घेण्याबद्दलही विचारतात. एका दिवसात एकाच आडनावाचे सहा जण "अप्रतिम!!!" म्हणाले की ते लहान मुलालाही कळतं.

वकिलाची नोटीस पाठवू, असं लिहिलं तर घाबरून काढेल ना?

बदनामी हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 356 त्यासाठीच आहे. पण "एसी बंद होता, अनुभव वाईट" ही ग्राहकाची तक्रार आहे, आणि त्यावर नोटीस पाठवली तर हसं होतं. कुणी तुमच्यावर चोरीचा किंवा विनयभंगाचा खोटा आरोप केला असेल तर मात्र वकिलाकडे जाच, आणि तेव्हा उत्तर टाकण्याच्याही आधी जा. कोर्टाची भाषा जाहीर उत्तरात कधीच नको.

मी हे वाचायच्या आधीच रागात उत्तर टाकून बसलोय. आता?

बदला. आपलं उत्तर आपल्याला कधीही संपादित करता येतं. जुनं काढून नवं टाका आणि सुरुवातीला एक ओळ लिहा: "आधीचं उत्तर मी रागात लिहिलं होतं, ते बदलतो आहे." ज्याने जुनं पाहिलं त्याला ही ओळ लागते, नाहीतर त्याला वाटतं तुम्ही गुपचूप पुसलं. ज्याने पाहिलं नाही त्याचं काही बिघडत नाही.

तो माणूसही अभिप्राय वाढवून पुन्हा टोचू शकतो. नवी तक्रार असेल तर उत्तरात एक वाक्य वाढवा. तीच तक्रार जास्त मोठ्या आवाजात असेल तर काही करू नका. एका अभिप्रायाखाली तुमचं एकच उत्तर राहतं. ते शांत असलं आणि वरचा मजकूर फुगत गेला, तर कोण भांडतंय ते दिसतं.

उत्तर टाकलं की काम झालं?

काकांच्या उत्तरात दोन शब्द दिले होते: पाटी लावली आहे, आणि बुकिंगला आधी सांगतो. उत्तर टाकायच्या आधी मी पाटीचा फोटो मागवला. तो आल्यावरच उत्तर गेलं. पुढच्या पावसात कुणी लिहिलं की "आम्हाला तर काही सांगितलं नाही", तर हे शांत उत्तर रागाच्या उत्तरापेक्षा जास्त महागात पडलं असतं.

दुसऱ्या शब्दासाठी बुकिंग पक्कं झालं की जाणारा हा निरोप बनवला. जून-जुलैच्या प्रत्येक पाहुण्याला तो जातो:

> नमस्कार, बुकिंग पक्कं झालं. पावसाळ्यातल्या चार गोष्टी आधीच सांगतो. 31 जुलैपर्यंत बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे सुरमई-पापलेट मिळणार नाही. खाडीची मासळी मिळाली तर त्या दिवशी सकाळी सांगू, नाहीतर सुके बोंबील, सोडे आणि कुळथाचं पिठलं असेल. लाईट जाते, इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, एसी नाही. गरम पाणी सकाळी 6 ते 9. रात्री 10 नंतर अंगणात शांतता. हे चालणार नसेल तर आत्ताच सांगा, ॲडव्हान्स पूर्ण परत देतो.

हा निरोप गेल्यावर एका कुटुंबाने ॲडव्हान्स परत घेतला. काका थोडे नाराज झाले. मी म्हटलं, काका, तो एक तारा आला असता, तो आधीच परत गेला.